दीडशे डब्यांची किंमत : प्रथम आवक आणि भारित सरासरी यांतील तफावतीचा आढावा

साठा खातेवहीचे एखादे उदाहरण विद्यार्थ्याने सोडवावयास घ्यावे, आवक आणि जावक झालेला प्रत्येक नग बिनचूक मोजावा, गुणाकारात एका रुपयाचीही गफलत होऊ देऊ नये, आडवी-उभी बेरीज जुळवून पाहावी, आणि इतके सारे करूनही पुस्तकाच्या अखेरीस दिलेल्या उत्तराशी अखेरच्या मालसाठ्याची रक्कम जुळू नये, हा प्रकार वाणिज्य शाखेच्या वर्गांतून नित्य घडतो. विद्यार्थी मग वहीचे पान पुन्हा पुन्हा तपासतो, आणि जितक्या वेळा तपासतो तितक्या वेळा त्याला तेच उत्तर मिळते, कारण त्याच्या गणितात चूक नसतेच. प्रश्नाने भारित सरासरीने मूल्यांकन मागितलेले असते आणि त्याने प्रथम आवक प्रथम जावक या रीतीने ते केलेले असते. बाहेरून ही चूक केवळ प्रश्न नीट न वाचल्याची दिसते, आणि पुष्कळ शिक्षक तिच्याकडे तेवढ्याच दृष्टीने पाहून पुढे जातात. परंतु माझे मत असे आहे की तिचे मूळ त्याहून खोल आहे, आणि ते खणून काढल्याशिवाय साठ्याचे मूल्यांकन म्हणजे नेमके काय हे समजत नाही.

एक उदाहरण पुढे ठेवू आणि लेखभर त्याचाच आधार घेऊ. शेंगदाणा तेलाच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे १ एप्रिल रोजी १०० डबे शिल्लक आहेत, आणि ते त्याला दर डबा २,००० रुपयांस पडलेले आहेत. ५ एप्रिलला तो ३०० डबे २,४०० रुपयांच्या दराने खरेदी करतो. १० एप्रिलला २०० डब्यांची जावक होते. १८ एप्रिलला २०० डबे २,६०० रुपयांच्या दराने येतात. आणि २५ एप्रिलला २५० डबे जातात. महिनाअखेर हाती राहतात १५० डबे. आरंभीचा साठा व दोन्ही खरेद्या मिळून ६०० डबे, आणि त्यांची एकंदर किंमत १४,४०,००० रुपये. यांतला एकही आकडा वादाचा नाही. वाद आहे तो एवढाच की या १४,४०,००० रुपयांपैकी किती रक्कम गेलेल्या ४५० डब्यांबरोबर खर्ची गेली असे मानावयाचे आणि किती रक्कम उरलेल्या १५० डब्यांवर बसवावयाची.

प्रथम आवकेच्या रीतीने चालणारा विद्यार्थी १० एप्रिलच्या जावकेत आधी जुने १०० डबे २,००० रुपयांच्या दराने काढतो आणि बाकीचे १०० नव्या खरेदीतून २,४०० रुपयांच्या दराने. म्हणजे ती जावक ४,४०,००० रुपयांची होते. २५ एप्रिलला तो २,४०० चे उरलेले २०० डबे संपवतो आणि २,६०० चे ५० घेतो. ही जावक ६,१०,००० रुपयांची. शिल्लक राहिलेले १५० डबे सर्वच्या सर्व शेवटच्या खरेदीतले, सबब त्यांची किंमत ३,९०,००० रुपये. दोन्ही जावका आणि ही शिल्लक यांची बेरीज केली तर बरोबर १४,४०,००० भरते. विद्यार्थी समाधानाने लेखणी खाली ठेवतो.

प्रश्नाने मागितलेली रीत मात्र निराळी चालते. तिच्या दृष्टीने ५ एप्रिलचा माल कोठीत शिरला त्या क्षणी जुन्या आणि नव्या डब्यांतला भेद लोपला; आता ४०० डबे आहेत, त्यांची किंमत ९,२०,००० आहे, आणि म्हणून प्रत्येक डबा, मग तो कोणत्याही दिवशी आलेला असो, २,३०० रुपयांचा आहे. १० एप्रिलचे २०० डबे त्या दराने गेले म्हणजे ४,६०,००० गेले आणि तितकेच राहिले. १८ एप्रिलला त्यांत ५,२०,००० ची भर पडून ४०० डब्यांचे ९,८०,००० झाले आणि दर २,४५० वर चढला. २५ एप्रिलच्या २५० डब्यांबरोबर ६,१२,५०० गेले, आणि १५० डब्यांवर ३,६७,५०० उरले. बेरीज येथेही १४,४०,००० च. दोन उत्तरांत २२,५०० रुपयांची तफावत, आणि दोन्ही हिशेब आपापल्या परीने निर्दोष.

येथे थांबून पाहण्याजोगी गोष्ट ही की जुळणीची जी कसोटी विद्यार्थ्याला शिकवलेली असते ती या चुकीपुढे अगदी निरुपयोगी ठरते. आरंभीचा साठा अधिक खरेदी उणे जावक बरोबर शिल्लक, हे समीकरण रीत कोणतीही असो, पाळले जातेच. कारण कोणतीही रीत एका ठरावीक रकमेची केवळ वाटणी करीत असते, आणि वाटणी कशीही केली तरी वाट्यांची बेरीज मूळ रकमेइतकीच भरते. याहून विलक्षण दाखला हवा असेल तर अर्धवट सावध झालेल्या विद्यार्थ्याचा घ्यावा. त्याने १० एप्रिलची जावक प्रथम आवकेने ४,४०,००० ला काढली, मग प्रश्नातील शब्द त्याच्या ध्यानात आला, आणि तेथून पुढे त्याने सरासरी धरली: उरलेले २०० डबे ४,८०,००० चे, नवे ५,२०,००० चे, मिळून ४०० डब्यांचे १०,००,००० आणि दर २,५००. दुसरी जावक ६,२५,००० ची आणि शिल्लक ३,७५,००० ची. ही शिल्लक ना या रीतीची ना त्या रीतीची. आणि तरीही ४,४०,०००, ६,२५,००० आणि ३,७५,००० यांची बेरीज पुन्हा १४,४०,००० च येते. ताळा पडला म्हणजे हिशेब खरा, ही आपल्याकडील मुनीमजींपासून चालत आलेली समजूत बेरीज-वजाबाकीच्या चुकांपुरतीच खरी आहे. रीतीच्या चुकीबद्दल ताळा मूक असतो.

आता विद्यार्थी सरासरी मागितलेली असतानाही प्रथम आवकेकडेच का वळतो? याचे एक कारण शिक्षणक्रमाचे आहे. पाठ्यपुस्तकांत ही रीत बहुधा आधी येते आणि हात तिच्यावर बसतो. त्याविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. दुसरे कारण अधिक विचारार्ह आहे, आणि ते असे की प्रथम आवकेची रीत दुकानातल्या प्रत्यक्ष व्यवहाराशी मिळतीजुळती असते. तेलाचा डबा फार दिवस ठेवला तर तेल खवट होते. म्हणून शहाणा व्यापारी जुना माल पुढे आणि नवा माल मागे लावतो. ज्याने हे डोळ्यांनी पाहिले आहे त्याला असे वाटणे स्वाभाविक आहे की जावकेचा हिशेब याच क्रमाने व्हावा, आणि दुसऱ्या कोणत्याही रीतीने तो केला तर वस्तुस्थितीशी प्रतारणा होईल. पण लेखाकर्माचा प्रश्न डबा कोणता गेला हा नसतो. रक्कम कोणती गेली असे मानावयाचे, हा असतो. माल एका क्रमाने हलतो आणि मोल दुसऱ्या क्रमाने हलले असे मानता येते, आणि तसे मानण्यास शास्त्राची पूर्ण मुभा आहे. हाच व्यापारी डब्यांऐवजी सुटे तेल टाकीत साठवीत असता तर जुने तेल कोणते आणि नवे कोणते हे त्यालाही सांगता आले नसते, आणि सरासरीचा दर हाच त्याला नैसर्गिक वाटला असता. परंतु तेव्हाही त्याने प्रथम आवकेची रीत लावली असती तर ती अवैध ठरली नसती.

भारतीय सनदी लेखापाल संस्थेने १९८१ साली प्रथम काढलेले आणि १९९९ साली सुधारलेले लेखामानक २ याच भूमिकेवर उभे आहे. ज्या वस्तू एकमेकींच्या जागी सहज चालतात त्यांच्यासाठी प्रथम आवक आणि भारित सरासरी या दोन्ही रीती ते मान्य करते. जी वस्तू एका विशिष्ट कामासाठीच आणलेली आहे तिच्यासाठी मात्र तिचीच प्रत्यक्ष किंमत शोधावी असे सांगते. शेवटची आवक आधी काढण्याची जी तिसरी रीत जुन्या पुस्तकांतून दिसे तिला या सुधारणेत स्थान उरले नाही, आणि २००३ च्या सुधारणेने आंतरराष्ट्रीय मानकातूनही ती गेली. तेव्हा ३,९०,००० हे उत्तर स्वतःच्या ठायी खोटे नाही. एखाद्या खऱ्या पेढीने ती रीत वर्षानुवर्षे पाळली असती तर तिच्या ताळेबंदात तोच आकडा योग्य ठरला असता. ते चुकीचे ठरते ते प्रश्नकर्त्याने पेढीची रीत आधीच ठरवून दिली आहे म्हणून. आणि परीक्षेतल्या त्या एका वाक्यास प्रत्यक्ष व्यवसायातील लेखाधोरणाइतकेच वजन आहे हे विद्यार्थ्याला कोणी सांगितलेले नसते म्हणून.

तथापि तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. प्रथम आवकेच्या रीतीला एक सोय आहे, आणि ती सोयच पुढे घातक ठरते. अखेरचे १५० डबे कोणत्या दराने धरावयाचे हे ठरवण्यासाठी मधल्या जावका पाहण्याची तिला गरजच नसते. शेवटच्या खरेदीपासून मागे मोजत गेले आणि १५० भरले की काम झाले. जावक १० तारखेस झाली काय किंवा १५ तारखेस झाली काय, तिच्या आधी किती माल आला होता काय, उत्तर बदलत नाही. म्हणून महिनाभराचा हिशेब एकदम केला काय आणि रोजच्या रोज केला काय, या रीतीने अखेरचा साठा एकच येतो. जो विद्यार्थी या सोयीला सरावला तो तारखांकडे पाहणेच विसरतो.

भारित सरासरीत तारीख ही केवळ सजावट राहत नाही. आपल्या उदाहरणात प्रत्येक आवकेनंतर नवा दर काढला, ज्याला चल सरासरी म्हणतात, तर उत्तर ३,६७,५०० येते. परंतु महिन्याचे सहाशेच्या सहाशे डबे एकत्र धरून १४,४०,००० ला सहाशेने भागले तर दर २,४०० येतो आणि १५० डबे ३,६०,००० चे होतात. दोन्ही सरासरीच, दोन्ही भारित, आणि लेखामानकही मुदतीअखेर एकदा किंवा प्रत्येक आवकेवेळी अशा दोन्ही प्रकारांना जागा देते. मग प्रश्नात कोणती अभिप्रेत आहे हे कसे ओळखावे? प्रश्नाने आवक-जावकेच्या तारखा क्रमाने दिल्या असतील आणि साठा खातेवही तयार करण्यास सांगितले असेल तर प्रत्येक आवकेनंतर दर काढावा; केवळ एकूण खरेदी आणि एकूण विक्री दिली असेल तर दर महिनाअखेर एकदाच काढावा, कारण दुसरे काही करणे शक्यच नसते. प्रथम आवकेत हा पेच कधीच उद्भवत नसल्याने, ज्याचा हात तिच्यावर बसला आहे तो पहिल्यांदा सरासरीकडे वळताच येथेही ठेचाळतो. शिवाय काही जण दरांचीच सरासरी काढतात: २,०००, २,४०० आणि २,६०० मिळवून तिनाने भागतात, दर २,३३३ रुपये ३३ पैसे धरतात आणि ३,५०,००० लिहून मोकळे होतात. तीनशे डब्यांच्या खरेदीला आणि शंभरांच्या जुन्या शिलकेला सारखेच वजन दिले म्हणजे भारित या विशेषणाला काही अर्थच उरत नाही, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

मग चूक ओळखावी कशी, जर ताळा ती दाखवीत नसेल? दोन खुणा मला भरवशाच्या वाटतात. पहिली ही की अखेरच्या साठ्याच्या रकमेला नगांनी भागावे. ३,९०,००० ला दीडशेने भागले की २,६०० येते, म्हणजे शेवटच्या खरेदीचा नेमका दर. जुन्या दराचा माल कोठीत असताना नवा माल येऊन मिसळला असेल, तर भारित सरासरीचा दर शेवटच्या खरेदीच्या दराशी तंतोतंत जुळणे शक्य नाही. तो जुळला म्हणजे तेथे सरासरी नाही, प्रथम आवक आहे, असे खुशाल समजावे. पण मधल्या घोटाळ्याची, अर्ध्या वाटेवर रीत बदललेल्या त्या ३,७५,००० ची, गाठ या खुणेने सुटत नाही, कारण त्याचा दर २,५०० येतो आणि तो वरवर सरासरीसारखाच दिसतो. त्यासाठी दुसरी खूण. सरासरीच्या रीतीत दर केवळ आवकेने बदलतो, जावकेने कधीही बदलत नाही. तेव्हा प्रत्येक जावकेच्या आधीची आणि नंतरची शिल्लक रक्कम नगांनी भागून पाहावी. १० एप्रिलच्या आधी दर २,३०० आहे. नंतर ४,८०,००० ला २०० ने भागले तर २,४०० येतो. दर जावकेने चढला, म्हणजे त्या जावकेत जुना स्वस्त माल निवडून बाहेर काढला गेला, आणि चूक कोणत्या तारखेस शिरली हेही त्याच वेळी उघड होते. वहीच्या मांडणीतही हा भेद डोळ्यांना दिसतो: प्रथम आवकेच्या शिल्लक रकान्यात निरनिराळ्या दरांचे थर एकाखाली एक कंसात बांधलेले असतात, आणि सरासरीच्या रकान्यात एका तारखेला एकच ओळ व एकच दर असावयास हवा. शिल्लक रकान्यात कंस दिसला की पुढचा गुणाकार तपासण्याचे कारण नाही.

यातली एक अडचण सांगितल्याविना हा आढावा अपुरा राहील, कारण काही उदाहरणांत चुकीची रीत बरोबर उत्तर देते आणि विद्यार्थी आपली सवय योग्यच आहे असे समजून पुढे जातो. दर स्थिर असतील तर भेद संभवतच नाही. पण १० एप्रिलला २०० ऐवजी ४०० डबे गेले असते तर कोठी रिकामी झाली असती, सरासरीला सोबत न्यावयास मागचे काही उरले नसते, आणि १८ एप्रिलपासून दोन्ही रीती २,६०० च्या एकाच दराने नव्याने निघाल्या असत्या. याहून फसवी स्थिती बाजारभावाची. साठा पडकिंमत आणि निव्वळ विक्रीतून हाती येणारी रक्कम यांपैकी कमी असेल त्या किमतीस धरावा, हा नियम प्रश्नात अनेकदा एका ओळीत दडलेला असतो. समजा ३० एप्रिलला डब्यामागे विक्रीचा खर्च वजा जाता २,३५० रुपयेच हाती येणार आहेत. मग प्रथम आवकेचे ३,९०,००० असोत, चल सरासरीचे ३,६७,५०० असोत किंवा महिनाअखेरच्या सरासरीचे ३,६०,००० असोत, सर्वांना खाली उतरून ३,५२,५०० वर यावे लागते. येथे रीत चुकलेली असूनही ताळेबंदातला आकडा बरोबर येतो. आणि परीक्षकाने केवळ अखेरचा आकडा पाहिला तर त्याच्याही लक्षात काही येणार नाही.

दर चढते नसून उतरते असते तर तफावतीची दिशा उलटी झाली असती. सरासरीचा साठा अधिक किमतीचा आणि प्रथम आवकेचा कमी किमतीचा. आपल्या उदाहरणात दर चढत आहेत, म्हणून प्रथम आवकेने नफा फुगतो. ४५० डबे २,८०० रुपयांनी विकले तर विक्री १२,६०,००० ची होते. प्रथम आवकेने एकूण नफा २,१०,००० दिसतो आणि चल सरासरीने १,८७,५००. फरक पुन्हा तोच २२,५००, कारण अखेरच्या साठ्यातला प्रत्येक रुपया व्यापार खात्याच्या जमा बाजूस बसून नफ्याच्या रूपाने बाहेर पडतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली चैनरूप संपतराम यांच्या प्राप्तिकराच्या प्रकरणात सांगितले ते येथे स्मरणीय आहे: न विकलेल्या मालाची किंमत जमेस धरावयाची ती नफा उत्पन्न करण्यासाठी नव्हे, तर त्याच मालाची नावे बाजूस पडलेली किंमत तोलून धरण्यासाठी. त्या तोलात कोणती किंमत घालावी हे रीत ठरवते, आणि म्हणूनच एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दुसरी रीत वापरण्याची मोकळीक पेढीला नसते. ती बदललीच तर बदल आणि त्याचा परिणाम हिशेबांत नमूद करावा लागतो.

हा घोटाळा परीक्षेपुरताच मर्यादित आहे असे कोणी समजू नये. हल्ली छोट्या दुकानांतूनही हिशेब टॅलीवर ठेवतात, आणि तेथे प्रत्येक मालाच्या नोंदीत `Costing Method` या ओळीपुढे `Avg. Cost` किंवा `FIFO` असे निवडता येते. कोठीवाला आपल्या जाडजूड वहीत प्रथम आवकेने शिल्लक लावतो, यंत्रावर सरासरी निवडलेली असते, आणि महिनाअखेर दोन्हींत फरक आला की हिशेबनीस राहून गेलेली पावती किंवा दुबार चढवलेले बिल शोधू लागतो. त्याला सांगावयाचे ते इतकेच की आधी नग पाहावेत. नग दोन्हीकडे १५० असतील तर पावती गहाळ झालेली नाही, दर निराळा धरला गेला आहे.

दुरुस्तीचे काम विद्यार्थ्याला वाटते तितके मोठे नाही. आवकेचा रकाना जसाच्या तसा राहतो. नगांचे आकडे तिन्ही रकान्यांत बरोबरच असतात. बदलावयाचे ते जावक आणि शिल्लक यांतील दर व रक्कम, आणि तेही ५ एप्रिलपासून पुढे. मग व्यापार खात्यात आणि ताळेबंदात ३,९०,००० च्या जागी ३,६७,५०० लिहावेत आणि नफ्यातून २२,५०० कमी करावेत. उदाहरण पुढच्या महिन्याचेही असेल तर मेच्या आरंभीच्या साठ्यातही ३,६७,५०० हाच आकडा चढवावा. तो चढवताच मेमध्ये हे १५० डबे विकले गेल्यावर त्या महिन्याचा नफा पूर्वी काढलेल्या नफ्याहून २२,५०० ने वाढतो, आणि दोन महिन्यांचा मिळून नफा जेथे होता तेथेच राहतो.